एकाचं दुखणं, 140 जणांची बोंब

रात्री 3 ला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. दहा मिनिटांत 140 अलर्ट! लॉगिन, पेमेंट, सर्च, सगळे `critical`. अरे, ही सगळी एकाच डेटाबेसच्या नावानं रडणारी पोरं! त्यांना तासाभरासाठी सायलेन्स केलं; डेटाबेस आणि डिस्कच्या अलर्टना मात्र हात लावला नाही. मग यादी वेळेनुसार लावली, तर सगळ्यात आधीचा, 2:41 चा, एकटा बिचारा `warning`: डिस्क 90 टक्के भरली. बंद पडलेल्या रेप्लिकाचा रेप्लिकेशन स्लॉट कुणी काढलाच नव्हता, म्हणून तिच्यासाठी डेटाबेसचे लॉग साठत राहिले आणि `pg_wal` फोल्डर फुगत गेलं. खरं दुखणं सांगणाऱ्या अलर्टला मला उठवायची परवानगी नाही, बोंब मारणाऱ्यांना मात्र आहे! मूळ अलर्ट वाजला की त्याच्यामुळे ओरडणाऱ्यांना गप्प करणारा इनहिबिट रूल लिहा, हे अजून किती वेळा सांगायचं?