बाण बदलून चिन्ह लावलं की तक्ता तयार होत नाही

«बाजारभावाच्या तक्त्याचा फोटो काढा, ओसीआर चालवा आणि फाइंड-रिप्लेसने वरच्या बाणाला अधिक, खालच्या बाणाला उणे करा. बाण नीट आला नसेल तर रंग बघा: हिरवा म्हणजे अधिक, लाल म्हणजे उणे. दोन मिनिटांचं काम.»

हा सल्ला गोव्यातल्या हिशेबनिसांच्या गटांतून फिरतोय. फोंड्यात खानावळीला भाजी पुरवणारे आमच्यासारखे लोक असेच तक्ते रोज एक्सेलमध्ये उतरवतात, आणि पुढच्या आठवड्याची खरेदी त्यावर ठरते. म्हणून हे सविस्तर लिहितो.

पहिली अडचण अशी, की बदलायला बाण हाती येतच नाही. ओसीआरला अक्षरं आणि आकडे शिकवलेले असतात, बाण सहसा नसतात. त्यामुळे समोर दिसेल ते जवळच्या अक्षरात बसवलं जातं, नाहीतर गाळलं जातं. समजा, इंग्रजी आकड्यांच्या तक्त्यात टोमॅटो ४८ रुपये आणि पुढे १२ ची वाढ आहे, कांदा २८ आणि पुढे ४ ची घट आहे. हाती येतं ते असं:

```
टोमॅटो 48 112
कांदा 28 4
```

वरचा बाण बारीक असल्याने १ झाला आणि बारा रुपयांची वाढ एकशे बारा झाली. ही चूक निदान डोळ्यांत भरते. कांद्याची भरत नाही, कारण बाण गळाला आणि घटीची वाढ झाली, पण ४ हा आकडा अगदी साधा दिसतो. फाइंड-रिप्लेसला यातलं काहीच सापडणार नाही.

रंगाचं तर सरळ सोडून द्या. लाल-हिरवा हा चांगल्या-वाईटाचा निवाडा असतो, आणि तो कोणाच्या बाजूने केलाय यावर सगळं अवलंबून. गिऱ्हाइकासाठी काढलेल्या तक्त्यात भाववाढ लाल असू शकते. चीन आणि जपानच्या शेअर बाजारात तर वाढ लाल रंगातच दाखवतात.

मग बाण आकारावरून ओळखायचा. त्याचा चौकोन फोटोतून कापायचा, काळा-पांढरा करायचा, आडवे दोन भाग करायचे आणि कोणत्या भागात काळे ठिपके जास्त आहेत ते मोजायचं. इथेच खरा खड्डा आहे. भरीव त्रिकोण ▲ वर टोकदार, खाली रुंद. त्याची तीन चतुर्थांश शाई खालच्या अर्ध्यात असते. दांड्याचा बाण ↑ मात्र डोक्याकडे रुंद, म्हणून शाई वरच्या अर्ध्यात जास्त. दोघेही वाढच सांगतात, पण मोजणी उलटी येते. त्रिकोणासाठी बसवलेला नियम दांड्याच्या बाणांवर चालवला तर अख्ख्या रकान्याची चिन्हं उलटतात, आणि सगळीच एकसारखी उलटल्याने संशयही येत नाही. त्यासाठी आधी त्याच तक्त्यातल्या एक-दोन ओळी वजाबाकीने पक्क्या करा आणि नियम त्यावरून ठरवा.

वजाबाकी म्हणजे आजच्या भावातून आधीचा भाव वजा. B मध्ये आज, C मध्ये आधीचा, D मध्ये ओळखलेला बाण, E मध्ये बदलाचा आकडा असेल तर F मध्ये चिन्हासह आकडा आणि G मध्ये पडताळणी:

```
F2: =IF(D2="▲",1,IF(D2="▼",-1,NA()))*ABS(E2)
G2: =IF(ROUND(B2-C2-F2,2)=0,"","बघा")
```

दांड्याचे बाण ओळखले तरी D मध्ये हीच दोन चिन्हं लिहायची. ABS यासाठी, की काही तक्त्यांत ▼ च्या पुढे आधीच −४ छापलेलं असतं. दोनदा उणे झालं की घटीची वाढ होते. कांदा आधी ३२ होता, आज २८, म्हणजे फरक −४. F मध्ये +४ आला तर G लगेच अडवतो. बाण नसलेल्या ओळीत #N/A येईल आणि तो G मध्येही दिसेल, तसाच राहू द्या. आजचा आणि आधीचा भाव सारखाच असेल तर F मध्ये हाताने ० लिहा. तांबडी भाजी आलीच नाही म्हणून तिथे रेघ असेल, तर ती जागा मोकळी ठेवा. तिथे ० टाकला तर सरासरी बदल खोटाच कमी दिसतो.

«आधीचा» म्हणजे कधीचा, हेही तक्त्याखाली बघा. म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारी भरतो. तिथल्या भावाची तुलना मागच्या शुक्रवारशी केलेली असेल आणि तुम्ही C मध्ये गुरुवारचा भाव भरला, तर बाण बरोबर असूनही बहुतेक ओळी «बघा» म्हणतील. बदल टक्क्यांत असेल तर वजाबाकीला आधीच्या भावाने भागून शंभराने गुणा आणि अर्ध्या टक्क्याची सूट द्या: ३६ वरून ४८ म्हणजे ३३.३, छापलेलं असेल ३३.

आधीच्या भावाचा रकानाच छापलेला असेल तर चिन्ह बाणावरून काढूच नका, वजाबाकीतून घ्या; बाण फक्त ताळ्याला. रकाना नसेल तर मागच्या तक्त्याचा फोटो शोधा. तोही नसेल तर दोघांनी वेगवेगळं बसून डोळ्यांनी बाण वाचावेत आणि जिथे दोघांचं जुळत नाही, तिथे चिन्ह न लावता ती जागा मोकळी ठेवावी.