फोटो आपल्या मनासारखा असतो तेव्हा

२३ सप्टेंबर २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत पाकिस्तानच्या प्रतिनिधी मलीहा लोधी यांनी एका मुलीचा मोठा फोटो सगळ्या जगासमोर उंच धरला. मुलीचा चेहरा जखमांनी भरलेला होता. काश्मीरमध्ये पेलेट गनचा वापर होतो त्याचा हा पुरावा, असा त्यांचा दावा होता. काही तासांतच कळलं की ती मुलगी काश्मीरची नव्हतीच. फोटो गाझामधला, २०१४ चा, हायडी लेव्हिन या छायाचित्रकार बाईंनी काढलेला. मुलगी जखमी झाली होती ती इस्रायलच्या हवाई हल्ल्यात.

त्याच वर्षी जून महिन्यात आपल्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०१६-१७ च्या वार्षिक अहवालात एक फोटो सापडला होता. रात्रीची वेळ, लांबलचक कुंपण, ओळीने दिवे. मजकूर भारताच्या सीमेवर बसवलेल्या फ्लडलाइटचा. प्रत्यक्षात ती स्पेन आणि मोरोक्को यांच्यामधली सीमा होती, आणि फोटो २००६ सालचा. मंत्रालयाला चौकशीचे आदेश द्यावे लागले.

हे दोन फोटो मी मुद्दाम शेजारी ठेवतेय, कारण वाचतानाच बहुतेकांच्या मनात दोन वेगवेगळ्या प्रतिक्रिया उमटल्या असतील. एकात ‘बघा, कसे खोटं बोलतात’ आणि दुसऱ्यात ‘अहो, कुणा कारकुनाची चूक असेल’. कुठला फोटो कुठल्या खान्यात गेला हे ज्याच्या त्याच्या राजकारणावर अवलंबून. माझ्या ओळखीत दोन्ही बाजूंचे लोक आहेत आणि दोन्ही बाजूंनी हेच होताना मी पाहिलंय.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. दोन्ही फोटोंच्या मागचा विश्वास निराधार नव्हता. २०१६ च्या उन्हाळ्यात काश्मीरमध्ये पेलेटमुळे शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली होती, हे भारतीय वृत्तपत्रांनीच छापलं होतं. आणि सीमेवर फ्लडलाइट बसवण्याचं कामही खरोखर झालं होतं. म्हणजे फोटो चुकीचा होता, पण तो ज्या समजुतीच्या आधाराने आत शिरला ती समजूत बरीचशी खरी होती. म्हणूनच कुणी विचारलं नाही की हा फोटो कुठला. उत्तर आधीच ठाऊक असलं की प्रश्न सुचतच नाही. साफ खोट्या गोष्टीचा फोटो निदान खटकतो तरी.

फोटो आपल्यावर काय करतो याचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. एरिन न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली तो प्रसिद्ध केला. लोकांना काही कमी-अधिक प्रसिद्ध व्यक्तींची नावं दाखवली आणि ‘ही व्यक्ती हयात आहे’ हे विधान खरं की खोटं ते पटकन सांगायला लावलं. काही नावांसोबत त्या व्यक्तीचा साधा फोटो होता, काहींसोबत नव्हता. माणूस जिवंत आहे की नाही हे त्या फोटोवरून कळण्याची काहीच सोय नव्हती. तरीही फोटो असला की लोक ‘खरं’ म्हणण्याकडे जास्त झुकले. मग दुसऱ्या गटाला उलट विधान दिलं, ‘ही व्यक्ती मरण पावली आहे’. तिथेही फोटो असला की ‘खरं’ म्हणण्याकडे कल वाढला! तोच फोटो दोन विरुद्ध विधानांना बळ देत होता. फोटोमुळे विधान डोळ्यांसमोर उभं राहतं आणि डोळ्यांसमोर उभं राहिलेलं मनाला खरं वाटतं. ही तर लोकांना फारशा माहीत नसलेल्या नावांची गोष्ट. जिथे आपला राग किंवा अभिमान गुंतलेला असतो तिथे काय होत असेल?

यावर सगळे सांगतात तो उपाय म्हणजे ‘निःपक्ष राहा, पूर्वग्रह बाजूला ठेवा’. माझं ठाम मत आहे की हा उपायच नाही, आणि हे तपासलं गेलेलं आहे. चार्ल्स लॉर्ड, मार्क लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी १९८४ साली फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि विरोधक घेतले आणि त्यांना दोन अभ्यास वाचायला दिले. एकाचा निष्कर्ष फाशीच्या बाजूचा, दुसऱ्याचा विरुद्ध. प्रत्येकाला आपल्या बाजूचा अभ्यास जास्त भक्कम वाटला. काहींना आधीच बजावलं होतं की न्यायाधीशासारखं तटस्थ राहा. त्याचा उपयोग झाला नाही. पण काहींना वेगळी सूचना होती: हाच अभ्यास, याच पद्धतीने केलेला, पण निष्कर्ष उलटा निघाला असता, तर तुम्ही त्याला एवढेच गुण दिले असते का, असं टप्प्याटप्प्याला स्वतःला विचारा. त्यांचा कल खरोखर कमी झाला.

याचं कारण मला असं दिसतं. पूर्वग्रह जिच्यात शिरलाय तीच बुद्धी ‘मी तटस्थ आहे’ असा दाखला देत असते. तिला नुसतं ‘नीट वाग’ सांगून भागत नाही, हातात ठरावीक काम द्यावं लागतं. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते तेव्हापासून हे काम एका क्रमाने करते आणि आता घरच्या ग्रुपवर येणाऱ्या फोटोंनाही तोच क्रम लावते.

पहिली गोष्ट, हे कधी करायचं. शंका आली की तपासा असं सांगून उपयोग नाही, कारण मनासारख्या फोटोवर शंका येतच नाही. म्हणून मी खूण धरते ती समाधानाची. फोटो बघताच ‘मी म्हणत होतेच!’ असं वाटलं की थांबायचं. रोज येणारे सगळे फोटो तपासणं कुणालाच शक्य नाही, हे तेवढे मात्र तपासायचे.

मग मजकूर बोटाने झाकायचा आणि फोटोत जे दिसतं तेवढंच कागदावर लिहायचं. लोधींच्या फोटोत काय दिसत होतं? एक मुलगी, चेहऱ्यावर खूप जखमा. बस. आता बोट काढून दाव्यातले शब्द वाचायचे आणि फोटोत नसलेल्या शब्दांखाली रेघ मारायची. ‘काश्मीर’, ‘पेलेट’, ‘भारतीय सुरक्षा दलं’, तिन्ही शब्दांखाली रेघ येते. फोटोने सिद्ध केली ती फक्त वेदना. गुन्हेगार, हत्यार आणि गाव हे सगळं मजकुराने पुरवलं. एवढं करायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त फोटो इथेच हलके होतात.

त्यानंतर उलटा मजकूर. हाच फोटो मला समोरच्या पक्षाकडून, त्यांच्या सोयीच्या मजकुरासकट आला असता तर मी पहिल्यांदा काय विचारलं असतं? सीमेच्या फोटोचं उदाहरण घ्या. समजा तो पाकिस्तान सरकारच्या अहवालात ‘आमच्या सीमेवरचे दिवे’ म्हणून छापून आला असता. आपल्या गृहखात्यातल्या कुणाही अधिकाऱ्याने लगेच विचारलं असतं: कुठल्या राज्यालगतचा भाग? कुणी काढला? कधी? याच जागेचा दुसरा फोटो आहे का? हेच प्रश्न स्वतःच्या फाइलला विचारले असते तर फोटो छापखान्यापर्यंत पोचला नसता. म्हणून मी प्रश्न आधी विरोधकासाठी लिहून काढते आणि मग शब्दही न बदलता आपल्या फोटोला विचारते.

शोध सुरू करण्याआधी आणखी एक ओळ लिहायची: काय सापडलं तर मी हा फोटो सोडून देईन. उदाहरणार्थ, ‘घटनेच्या तारखेआधी हा कुठेही दिसला तर सोडला.’ हे आधी लिहिलेलं नसेल तर प्रतिकूल काही सापडल्यावर आपण नवी पळवाट काढतो. ‘फोटो जुना असेल, पण परिस्थिती तीच आहे ना’ हे वाक्य मी दोन्ही बाजूंच्या लोकांकडून ऐकलंय.

शोध स्वतः तसा सोपा. गूगल लेन्स आणि टिनआय या फोटोवरून तोच फोटो इतर कुठे आहे ते शोधणाऱ्या साधनांवर फोटो टाकायचा. टिनआयवर Oldest निवडून निकाल सगळ्यात जुन्यापासून लावता येतात. फोटोवर मोठी अक्षरं असतील तर ती कापून टाकायची, काहीच सापडलं नाही तर डावं-उजवं उलटवून पुन्हा टाकायचा. इथे दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे दहा वेबसाइटवर तोच मजकूर दिसला की दहा पुरावे मिळाले असं वाटतं. बहुधा त्या सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उचललेलं असतं, म्हणून छायाचित्रकाराचं नाव किंवा वृत्तसंस्थेचं पान सापडेपर्यंत मी त्याला एकच धरते. दुसरं म्हणजे काहीच न सापडणं. शोधयंत्राला फक्त त्याच्या साठ्यातलं दिसतं. कुणाच्या फोनमधून निघून थेट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला फोटो तिथे नसणारच, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो कधी, कुठे काढल्याची माहितीही सोबत आणत नाही. अशा वेळी माझं उत्तर ‘ठरवता येत नाही’ असतं. लोकांना हे उत्तर आवडत नाही, मला ते पूर्ण उत्तर वाटतं.

या क्रमाने सगळं पकडलं जात नाही. फोटो खरा, तारीख खरी, जागा खरी, पण चौकटीबाहेर काय होतं ते कापलेलं, अशा वेळी शोधयंत्र काही सांगत नाही. त्याच प्रसंगाचे दुसऱ्या कोनातले फोटो किंवा तिथे हजर असलेला माणूस मिळाला तरच कळतं. कधी कधी ते कळतच नाही.

आणि जी चूक सगळ्यात कमी बोलली जाते ती फोटो खोटा ठरल्यानंतरची. लोधींचा फोटो गाझाचा निघाला तेव्हा ‘म्हणजे पेलेटच्या जखमा हा सगळा बनावच’ असं मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलं. गृहखात्याचा फोटो स्पेनचा निघाला तेव्हा ‘म्हणजे सीमेवर दिवेच लावलेले नाहीत’ असंही ऐकलं. दोन्ही निष्कर्ष चुकीचे. एक फोटो बाद झाला की दावा पुन्हा फोटोशिवायच्या जागी जातो, एवढंच. तो खरा की खोटा हे इस्पितळांच्या नोंदींनी, बातमीदारांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिलेल्याने, सरकारी खर्चाच्या कागदांनी ठरवायचं. ‘खोटेपणा उघड’ अशी पोस्ट बघून जे समाधान वाटतं, तेही ‘मी म्हणत होतेच’च्या जातीचं आहे, आणि त्यावरही बोट ठेवून मजकूर झाकावा लागतो.

त्यामुळे ग्रुपवर उत्तर देताना मी दोन ओळी लिहिते आणि दुसरी कधीही गाळत नाही. पहिली: हा फोटो गाझाचा, २०१४ चा, काढणाऱ्या हायडी लेव्हिन. दुसरी: काश्मीरमधल्या पेलेट जखमांबद्दल या फोटोवरून काहीच ठरत नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नाही.