हाफ इंजिन

मी घरी येतोय हे आमच्या मालगुंडातल्या आळीला आधी वासावरून कळतं, मग आवाजावरून, आणि धूर विरला की मी दिसतो. गाडी 2006 सालची, शंभर सीसीची. गेल्या पावसाळ्यापासून ती पेट्रोलच्या जोडीला ऑइलही प्यायला लागली. आत ऑइल मावतं नऊशे मिली. हजार किलोमीटरनंतर काढून मोजलं, तर पाचशेसुद्धा भरेना. खाली थेंब सांडलेला नाही, म्हणजे चारशे मिली ऑइल मी गणपतीपुळ्याच्या भाविकांना हुंगवलं होतं. शेजारचे काका ओट्यावरून म्हणाले, "संध्याकाळची जरा इथेच चालू ठेवत जा रे. डास गेले सगळे."

घरात दोन तट पडले. चिरंजीव नव्या गाडीच्या बाजूला. ऑन-रोड नव्वद हजार, हप्त्याचा आकडाही त्याला तोंडपाठ. (पाढे पाठ करायला याला तीन वर्षं लागली होती.) बायको म्हणाली, "नव्वद हजार असतील तर आधी पडवीचं छप्पर बघा." मी मधला. माणूस मधला असला की त्याला गॅरेजात पाठवतात.

मिस्त्रीने गाडीकडे न बघता विचारलं, "धूर कधी येतो?"

"नेहमीच येतो."

"तसं नाय ओ भाऊ. कधी जास्त येतो? आरे-वारेला एक चक्कर मारून या. उतारावर गिअरमध्येच ठेवा, ॲक्सिलेटर पूर्ण सोडा. खाली आल्यावर एकदम ओढा आणि मागे बघा. मग चढावर ओढून बघा."

चालवणाऱ्याने मागे बघितलं तर समुद्रात जाईल, म्हणून चिरंजिवांना निरीक्षक म्हणून मागे उलटं बसवलं. नेवऱ्यावरून पुढे गेलो. उतार संपल्यावर मूठ पिळली तर निळ्या धुराचा एक मोठा भपका आला आणि विरला. चढावर मात्र पातळ निळी शेपटी सुरू झाली ती माथ्यापर्यंत तुटली नाही. चिरंजिवांनी दोन्हींचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला.

मिस्त्रीने तो रिपोर्ट गंभीरपणे ऐकून घेतला. उतारावर मूठ बंद असली की सिलिंडरात ओढ तयार होते. व्हॉल्व्हचे सील कडक होऊन गेले असतील तर त्या ओढीने वरचं ऑइल व्हॉल्व्हच्या दांडीवरून आत झिरपतं, साठतं, आणि मूठ ओढली की एकदम जळतं. तो भपका. चढावरची न तुटणारी शेपटी मात्र पिस्टनच्या रिंगांची. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली ढकलायचं काम त्यांचं, ते त्यांनी सोडलेलं असतं. "तुमचं दोन्हीकडून आहे," असं तो ज्या सुरात म्हणाला, त्या सुरात आमचे डॉक्टर साखर आणि प्रेशर एकत्र सांगतात.

मग प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेशन गेज लावला. मी किक मारायची. सात-आठ किका मारल्या, काटा साठावरच अडला. माझा चेहरा पडला. मिस्त्री म्हणाला, "ॲक्सिलेटर कोण ओढणार? हवाच आत गेली नाय तर दाबणार काय?" मूठ पूर्ण ओढून पुन्हा मारल्या, तेव्हा नव्वद. चांगल्या इंजिनाला दीडशेच्या वर पाहिजे. मग त्याने प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं आणि पुन्हा किक मारायला लावली. एकशे तीस! मला वाटलं गाडी बरी झाली. तसं नव्हतं. ऑइलने रिंगांच्या फटी घटकाभर बुजवल्या म्हणून दाब चढला, म्हणजे चोर रिंगाच. तरी दीडशे गाठले नाहीत, तेव्हा उरलेली हवा व्हॉल्व्हमधून पळत असणार.

मी विचारलं, "मग उघडू या?" तर तो पान्हा न घेता मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरला आणि चासी ठोकायला लागला. आमच्याकडची खारी हवा इंजिनाला सोडते, पण पत्र्याला खाते. बॅटरीच्या ट्रेमधून त्याचा ड्रायव्हर आरपार गेला. पण मागच्या चाकाचा चिमटा जिथे चासीला धरतो तिथे आवाज टणक आला, पापुद्रा सुटला नाही. तिथे भसकन आत गेला असता तर त्याने इंजिनाला हात लावला नसता. हे मला फार आवडलं. इतर लोक आधी इंजिन उघडतात आणि मग चासीची बातमी देतात.

दुसऱ्या दिवशी हेड उतरवलं. ते उलटं धरून व्हॉल्व्हच्या वाटीत थोडं पेट्रोल ओतलं, तर सायलेन्सरच्या भोकातून लगेच ठिबकायला लागलं. ब्लॉकमध्ये वरच्या कडेखाली नख फिरवलं तर पायरी लागली. रिंग जिथून परत फिरते तिथेच भिंत जास्त झिजते. जुनी रिंग नुसती आत सरकवून तिच्या दोन टोकांतली फट फीलर पट्टीने मोजली. अर्धा मिलिमीटर झाली की रिंग बाद, माझी पाऊण भरली. चिरंजीव खुशीत. त्याच्या मते आता शोकसभाच उरली होती.

खरा निकाल अजून बाकी होता. पिस्टन उतरवल्यावर उरतो तो नुसता कनेक्टिंग रॉड. मिस्त्रीने क्रँक फिरवून तो पूर्ण वर आणला, दोन बोटांत धरला आणि सरळ वर-खाली ओढून पाहिला. डावी-उजवीकडे तो थोडा हलतोच, हलायलाच पाहिजे. वर-खाली मात्र केसभरसुद्धा नको. वर नवा पिस्टन बसला की दाब वाढणार, तो सगळा या खालच्या म्हाताऱ्या बेअरिंगवर येणार. ते ढिलं असेल तर हाफ इंजिन, म्हणजे नुसता वरचा अर्धा भाग नवा करून उपयोग नाही. दोन महिन्यांत खालून टकटक सुरू होते, मग केसिंग फोडून क्रँक काढा. तसं असतं तर मी नवी गाडी घेतली असती, हे मी इथे लेखी देतो. माझ्या जातककुंडलीच्या वेळी भटजींच्या तोंडाकडे कोणी बघितलं नसेल तसं मी मिस्त्रीच्या बोटांकडे बघत होतो.

"आवाज नाय. घट्ट आहे."

हिशेब बायकोने वहीच्या मागच्या पानावर केला. ब्लॉक-पिस्टन किट, दोन व्हॉल्व्ह, सील, व्हॉल्व्ह घासून बसवणं, गॅस्केट, उघडलंच आहे तर टायमिंग चेन, ऑइल, मजुरी, सगळे मिळून सहा हजार आठशे. बोरिंग करून मोठा पिस्टन टाकला असता तर थोडे वाचले असते, पण त्यासाठी ब्लॉक रत्नागिरीला लेथवर पाठवा, आणि तिथला माणूस तेव्हा लग्नाला गेलेला. गाडी आहे तशी विकायला काढली असती तर आठ हजार आले असते. आरसी 2021 मध्ये पाच वर्षांसाठी वाढवली होती, ती मुदत भरत आली की पुन्हा आरटीओची वारी. बायकोने तीही लिहिली आणि तरी बेरजेखाली दोन रेघा मारल्या. चिरंजीव उठून गेले.

सध्या गाडी रनिंगमध्ये आहे. पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही, एकाच वेगावर फार वेळ धरायची नाही, मग ऑइल बदलायचं. नव्या रिंगा नव्या भिंतीला घासून बसायच्या असतात. भंडारपुळ्याच्या सपाटीवर परवा मला मोपेडवरच्या मासेवाल्या मावशींनी मागे टाकलं, टोपली न हलता. धूर अजिबात नाही. काकांनी डासांची तक्रार केली.

फक्त एक झालंय. इंजिन इतकं गप्प झालंय की त्याच्या आवाजाखाली गेली दहा वर्षं काय काय दडलं होतं ते ऐकू यायला लागलंय. चेन कव्हर खडखडतं. मागचा मडगार्ड कण्हतो. आणि काल पुढचा ब्रेक मारला तेव्हा हँडलमधून स्पष्ट 'टक्' आलं. मिस्त्रीला फोन केला, तर म्हणाला, "कोनसेट असणार. या घेऊन."

मी चिरंजिवांना अजून सांगितलेलं नाही.