वकिलातीच्या यादीत नाव

"तिकडे गेल्यावर आपल्या वकिलातीत नाव नोंदवलंस ना गं? म्हणजे काही झालं तर सरकार फुकटात घरी आणेल."
– मावशी, सातारा

मावशी, नोंदवलंय. पण 'फुकटात' या शब्दावर तुमच्याकडे दर वेळी भांडण होतं. काका म्हणतात, 2022 मध्ये युक्रेनमधून पोरांना एक पैसा न घेता आणलं. शेजारचे जोशी म्हणतात, 2020 च्या वंदे भारत विमानात मुलाने तिकिटाचे पैसे भरले. दोघंही खरं बोलतात. युद्धातून बाहेर काढण्याचा खर्च सरकारने उचलला होता. करोनात मात्र नाव वकिलातीकडे द्यायचं आणि भाडं आपणच भरायचं, असं होतं. यादीत नाव असल्याने तिकीट मिळत नाही. तुम्ही कुठे आहात आणि तुमचा फोन कोणता, एवढंच त्यांना कळतं.

इथे म्युनिकमध्ये माझ्या फ्लॅटमधला नाशिकचा मुलगा वेगळ्याच भ्रमात होता. नवं घर घेतलं की नगरपालिकेत पत्ता नोंदवावाच लागतो, तीच माहिती आपोआप भारतीय कॉन्सुलेटला जाते, असं त्याला वाटायचं. तसं काही नसतं. ती जर्मन सरकारची सक्ती, ही आपली ऐच्छिक नोंद.

मी सांगितल्यावर त्याने नाव नोंदवलं, आणि दोनच महिन्यांनी ट्रेनमध्ये त्याचा पासपोर्ट चोरीला गेला. नेमके तेव्हाच वडील दवाखान्यात. "आता नोंद आहे, लगेच देतील," म्हणत तो निघाला. नोंदीबद्दल कुणी विचारलंही नाही. पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत, फोटो, जुन्या पासपोर्टची झेरॉक्स मागितली. झेरॉक्स त्याच्या मेलमध्ये होती, त्यामुळे ओळख पटवणं सोपं गेलं. मिळालं ते इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे भारतात जाण्यापुरता एकेरी कागद. परत यायचं तर तिथे नवा पासपोर्ट काढणं आलंच. हे त्याला विमानतळावर निघताना कळलं.

अटकेचंही तसंच. 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार, आपण मागणी केली तर पोलिसांनी कॉन्सुलेटला कळवायला हवं. नाव यादीत असो वा नसो. अधिकारी भेटायला येतील, वकिलांची नावं देतील, घरी निरोप पोचवतील. पण सोडवून आणणं त्यांच्या हातात नाही. पगार बुडवणाऱ्या मालकाशी किंवा घरमालकाशी खटलाही ते लढत नाहीत.

पैशाची मदत मात्र अगदीच नाही असं नाही. 2009 पासून एक कल्याण निधी आहे. पासपोर्टसारख्या कामांच्या फीबरोबर आपल्याकडून त्यासाठी थोडी रक्कम घेतात. त्यातून अडकलेल्याचं तिकीट किंवा मृतदेह मायदेशी पाठवण्याचा खर्च निघू शकतो, पण ऐपत नसलेल्यांसाठी, आणि प्रकरण तपासून. माझ्यासारख्या पगारदार बाईने त्यावर भरवसा ठेवू नये.

नाशिककर परत आला तेव्हा घर बदललं होतं. कॉन्सुलेटच्या नोंदीत पत्ता अजून जुनाच आहे, बदलायला त्याला सवड होत नाही. आणि समोरच्या फ्लॅटमधली तेलुगू बाई तर विचारते, सरकारला माझा पत्ता द्यायचाच कशाला? तिच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही.