जेवलास का? शाळेत गेलास का?

इथे इंदूरला आमच्या राजेंद्रनगरात दर चार घरांमागे एक नातवंड परदेशात आहे. संध्याकाळी बाकावर बसलं की एकच तक्रार ऐकू येते, "अहो, तो फोनवर बोलतच नाही, पळून जातो." माझं म्हणणं, पळेल नाही तर काय! जेवलास का, शाळेत काय शिकवलं, आजीला कविता म्हणून दाखव... ही उलटतपासणी झाली. चार वर्षांच्या पोराला गप्पा मारता येत नाहीत, खेळता येतं.

माझा नातू न्यू जर्सीत असतो. त्याचे सकाळचे साडेसात म्हणजे हिवाळ्यात आपले संध्याकाळचे सहा. तेव्हा तो दूध-सिरियल खात एका जागी बसलेला असतो, म्हणून आमची वेळ तीच. सून फोन डब्याला टेकवून त्याच्या डोळ्यांसमोर उभा करते. हातात दिला की आम्हाला नुसतं छत दिसतं.

मग चिऊ-काऊची गोष्ट. मी चिऊ, तो कावळा. तो चमच्याने टेबल ठोकतो, "चिऊताई, चिऊताई, दार उघड!" मी म्हणते, "थांब, माझ्या बाळाला अंगडं घालते." पुन्हा ठकठक. "थांब, बाळाला तीट लावते." एरवी प्रत्येक उत्तर इंग्रजीत देणारा हा मुलगा एवढं वाक्य मात्र खणखणीत मराठीत म्हणतो, कारण ते म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही. रोज तीच गोष्ट सांगून आपल्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही. बाळाला आज काय घालायचं तेवढं बदलायचं. परवा त्याने बाळाला स्नो-बूट घालायला लावले.

सवाल-जवाबाची गोष्ट निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. फोनवर आवाज क्षणभर उशिरा पोचतो आणि दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज दबतो. म्हणून आरती किंवा 'शुभं करोति' बरोबरीने म्हणायला गेलं की नुसता गोंधळ. एक ओळ आपण, एक त्याने, असं केलं की जमतं.

गोष्ट संपली की फोन बंद, दहा मिनिटांच्या आत. रविवारच्या तासभराच्या कॉलवर माझा विश्वास नाही. त्यात आईबापच बोलतात आणि पोर सोफ्यावरून उड्या मारतं.

"लहान मुलांना स्क्रीन नको" म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको म्हटलं, पण व्हिडिओ कॉलला सूट दिली. समोरचं माणूस बाळाला उत्तर देतं, हा फरक आहे. गोष्ट रेकॉर्ड करून पाठवली तर तो कावळा झाला काय, न झाला काय, चिऊ आपली बोलतच राहणार.

मार्चमध्ये तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, तेव्हा आपले पाच वाजलेले असतात. आमचे हे तेव्हा डुलकी काढत असतात, म्हणून मी एकटीच बसते. नातवंड कॅलिफोर्नियात असेल तर हाच नाश्ता हिवाळ्यात आपल्या रात्री नऊला येतो आणि उन्हाळ्यात आठला. जेवणं तेवढी आधी उरकून घ्या.