जुना नंबरच ॲडमिन राहिला, तर नवा ग्रुप काढण्याआधी

वाचकाची प्रतिक्रिया: "व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनने नंबर बदलला तर सरळ नवा ग्रुप काढा, असं लिहून तुम्ही मोकळे झालात. आमच्या सोसायटीत १४० मेंबर आहेत. अध्यक्ष काकांनी दीड महिन्यापूर्वी नवं सिम घेतलं. जुना नंबर ग्रुपात अजून ॲडमिन म्हणून बसलाय आणि ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतो. व्हॉट्सॲप कंपनीला मेल केला, उपयोग शून्य. यूट्यूबवर ॲडमिन बनवून देणारी ॲप्स दाखवतात, त्यांच्याबद्दलही तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. असे अर्धवट लेख लिहू नका."

उत्तर:

तुमचा राग रास्त आहे. नवा ग्रुप हा शेवटचा उपाय आणि मी तोच पहिला सांगून बसलो. नीट लिहितो.

व्हॉट्सॲपच्या लेखी माणूस म्हणजे नंबर. काकांनी नवं सिम घालून त्यावर व्हॉट्सॲप सुरू केलं तेव्हा एक कोरं खातं तयार झालं. जुनं खातं होतं तिथेच राहिलं, तुमच्या ग्रुपच्या किल्ल्यांसकट. Settings, मग Account, मग Change number या वाटेने गेले असते तर ग्रुप आणि ॲडमिनपद दोन्ही नव्या नंबरवर आलं असतं. पण ते आधी करायचं असतं. आता प्रश्न एवढाच, की जुन्या खात्यात शिरायची वाट उरली आहे का.

ते ओळखायला काकांच्या जुन्या नंबरवर एक साधा मेसेज टाका. दोन टिक आल्या तर ते खातं कुठल्या तरी फोनवर जिवंत आहे. बहुतेक कपाटातला जुना हँडसेट घरच्या वायफायवर चालू असेल, नाहीतर नातवाकडे गेम खेळायला असेल. सिम बंद पडलं तरी त्या फोनवरचं व्हॉट्सॲप चालत राहू शकतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. असं असेल तर काकांना घेऊन त्या फोनपाशी बसा. ग्रुपच्या माहितीत जाऊन त्यांचा नवा नंबर मेंबर करा, त्यावर बोट ठेवून Make group admin दाबा, आणि त्याच बैठकीत आणखी दोघांना ॲडमिन करून टाका. काम पाच मिनिटांचं. फक्त जुन्या नंबरने ग्रुप आधी सोडू नका. एकुलता ॲडमिन बाहेर पडला की व्हॉट्सॲप उरलेल्यांतला कुणीही एक आपोआप ॲडमिन करतं.

एकच टिक येत असेल तर एक दिवस वाट बघा, फोन नुसता बंदही असू शकतो. तरीही एकच राहिली तर त्या खात्यात सध्या कुणी नाही असं धरून चाला. मग सिम शोधा.

हे आमच्याच घरात घडलंय. आईच्या भिशीच्या ग्रुपची ॲडमिन असलेल्या मावशी मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या आणि त्याने त्यांना नवा फोन, नवं सिम सगळं घेऊन दिलं. जुनं सिम देव्हाऱ्याच्या खणात कुंकवाच्या डबीत सापडलं. एका जादा फोनमध्ये घातलं, तर रिचार्ज संपल्यामुळे एसएमएसच येईना. आधी छोटा रिचार्ज मारला. मग त्या फोनवर व्हॉट्सॲप टाकून जुना नंबर दिला, सहा आकडी कोड आला, तो घातला. हुश्श म्हणेपर्यंत पिन विचारणारा पडदा आला. हा टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन कधीकाळी भाच्याने लावून दिलेला. मावशींनी स्वतःचा वाढदिवस, लग्नाची तारीख, सगळं घालून पाहिलं. पिन आठवत नसेल आणि ईमेलही जोडलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. थांबलो. आठव्या दिवशी आत गेलो तर जुने मेसेज एकही नाहीत, पण भिशीचा ग्रुप यादीत होता आणि मावशी त्यात ॲडमिन होत्या. आम्हाला तेवढंच हवं होतं.

सिम हरवलं असेल पण नंबर अजून काकांच्याच नावावर असेल, तर मोबाइल कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं दुसरं सिम मिळतं. आधार घेऊन काकांनी स्वतः जायचं. यात दिरंगाई नको. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या ग्राहकाला देत नाहीत, असं दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. त्यानंतर तो कुणालाही जाऊ शकतो, आणि मग तुमचे कोड त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातील.

नंबर हातचा गेलाच असेल तर उरतं ते थांबणं. १२० दिवस वापर नसलेलं खातं व्हॉट्सॲप सहसा काढून टाकतं. खातं गेलं की तो नंबर सगळ्या ग्रुपांतून बाहेर पडतो, आणि शेवटचा ॲडमिन गेल्यामुळे वर सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात माळ पडते. हे दिवस मोजायचे ते काकांनी जुन्या खात्यातून शेवटचं व्हॉट्सॲप वापरलं तिथून. तुमचे ४५ झाले असतील तर ७५ राहिले. माळ कुणाच्या गळ्यात पडेल ते मात्र तुमच्या हातात नाही. १४० जणांत दोन वर्षांपूर्वी फ्लॅट सोडून गेलेला भाडेकरूही असेलच, तोही ॲडमिन होऊ शकतो. म्हणून त्या सुमारास मेंबरांची यादी रोज उघडून बघा, आणि कुणाच्या नावापुढे ॲडमिन दिसलं की गोडीने फोन करा.

व्हॉट्सॲप कंपनीला केलेल्या मेलवर विसंबू नका. ग्रुपचा खरा धनी कोण, हे ते ठरवत नाहीत आणि बाहेरून कुणाला ॲडमिन करूनही देत नाहीत. यूट्यूबवरच्या ॲपांबद्दल मी लिहायला हवं होतं, ते राहिलं. कोण ॲडमिन आहे हे व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर ठरतं, तुमच्या फोनवरच्या ॲपने ते बदलत नाही. व्हॉट्सॲपच्या नकली आवृत्त्या वापरल्या तर तुमचंच खातं बंद होऊ शकतं. आणि "रिकव्हर करून देतो, फक्त आलेला कोड सांगा" म्हणणारा तुमचं खातं पळवायला बसलेला असतो.

सोसायटीला ७५ दिवस बिनग्रुपाचं राहणं परवडणार नाही हे मान्य. पाण्याच्या टँकरची वेळ तरी कुठे टाकायची? तेव्हा तात्पुरता नवा ग्रुप काढाच, पण १४० नंबर हाताने भरत बसू नका. अनेकांनी अनोळखी माणसाला ग्रुपात घेऊ न देण्याचं सेटिंग केलेलं असतं, ते तसेही सुटतील. जुन्या ग्रुपावर लिंक टाकता येत नाही, म्हणून नव्या ग्रुपच्या Invite via link मधून क्यूआर कोड काढा आणि छापून लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लावा. त्यावर "मेंबर झाल्यावर फ्लॅट नंबर लिहा" अशी ओळ घाला, नाहीतर कुरिअरवालाही आत येईल. आमच्या इमारतीत आला होता. दोन दिवस सगळ्यांना गुड मॉर्निंग करत होता.

आज रात्री काकांच्या जुन्या नंबरवर तो मेसेज टाका आणि टिक एक आली की दोन, एवढं इथे कळवा. दोन आल्या तर यातलं बाकी काहीच करायला लागणार नाही.