डाव्या कुशीवर बीपी नाही, आकडा उतरतो

«सातव्या-आठव्या महिन्यात पाय सुजतात, बीपी थोडं वाढतं, सगळ्याच बायकांना होतं. डोकं दुखत नसेल तर घाबरू नका. मीठ बंद करा, डाव्या कुशीवर झोपा, बीपी उतरतं. लघवीच्या तपासण्या नि गोळ्या म्हणजे सिझरची तयारी. बाळंत झालं की सगळं आपोआप जातं.»

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर हा मेसेज गेल्या महिन्यात मला चौघींनी पाठवला. त्यातल्या दोघी गरोदर. मी आयुष्यभर लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून काम केलं, म्हणून लिहिते.

पायांचं खरं आहे. संध्याकाळी घोटे सुजणं बहुतेकींना होतं आणि नुसत्या त्यावरून काही ठरत नाही. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, बोटातली अंगठी निघेना झाली, तर मात्र त्याच दिवशी बीपी मोजायचं. बीपीचं वाक्य तर साफ चुकीचं आहे. मधल्या महिन्यांत बीपी उलट थोडं खाली येतं आणि शेवटी शेवटी आधीच्या पातळीवर परततं. विसाव्या आठवड्यानंतर 140/90 किंवा त्याहून जास्त आकडा निदान चार तासांच्या अंतराने दोनदा आला, तर तो आजार आहे. त्यासोबत लघवीत प्रथिनं जाऊ लागली की त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. कधी कधी लघवी स्वच्छ असते आणि रक्तातल्या प्लेटलेट, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलेलं सापडतं. तेही तेच.

एक उदाहरण सांगते. दोघी-तिघींच्या नोंदी एकत्र केल्यात, म्हणजे कुणी ओळखू नये. खानापूर तालुक्यातली बावीस वर्षांची, पहिलटकरीण. बाराव्या आठवड्यात बीपी 104/66. सातव्यात ओटी भरून ती चंदगडकडे माहेरी गेली आणि तपासण्यांच्या नोंदीचं तायी कार्ड सासरी राहिलं. तेहतिसाव्या आठवड्यात तिकडे 132/84 भरलं. नवीन सिस्टरनं ‘नॉर्मल’ लिहिलं, कारण तिच्यासमोर आधीचा आकडाच नव्हता. तिचं वरचं बीपी 28 नं चढलं होतं. असा चढ म्हणजे निदान नव्हे, पण पुढची भेट महिन्यावर न ढकलता आठवड्यावर आणायला तो पुरेसा होता. सीमाभागात हे नेहमीचं आहे. बाई हद्द ओलांडते, कागद मागे राहतो. कार्डावरचं कन्नड वाचता आलं नाही तरी ‘रक्तदोत्तड’ या ओळीपुढचे आकडे कुणालाही वाचता येतात. तेवढ्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

पस्तिसाव्या आठवड्यात ती सासरी आली आणि आमच्याकडे दाखवायला आणली. 148/96. चार तास बसवून ठेवली, पुन्हा 146/94. सासूबाई म्हणाल्या, “तिला काय झालंय म्हणून बसवून ठेवलाय ओ सिस्टर? चांगली हिंडतेय की.” हिंडत होतीच. डोकं दुखत नव्हतं, डोळ्यांपुढे काही येत नव्हतं. आजाराचा बराच काळ असाच जातो. तो सुरू होतो वारेत. सुरुवातीच्या महिन्यांत वारेकडे जाणाऱ्या गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या रुंदावायला हव्यात, त्या पुरत्या रुंदावत नाहीत. उपाशी वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं. अस्तर गळू लागलं की मूत्रपिंडातून प्रथिनं बाहेर पडतात आणि पाणी रक्तातून मांसात उतरतं. डोकं ठणकणं, नजर धूसर होणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, हे त्यानंतर कधीतरी. काहींना तर पहिली खूण म्हणून थेट फेफऱ्यासारखा झटकाच येतो.

मिठाचा उपाय इथेच पडतो. सूज दिसते म्हणून अंगात पाणी जास्त असं वाटतं, पण रक्तवाहिन्यांच्या आत ते कमी झालेलं असतं. अळणी खाल्ल्यानं वार सुधारत नाही. फक्त जेवण जात नाही. पाणी उतरवायच्या गोळ्या मनानं घेणं तर त्याहून वाईट.

डाव्या कुशीचं मात्र मला कौतुक वाटतं, कारण यात माणूस स्वतःच्या डोळ्यांनी फसतो. डाव्या कुशीवर झोपवून वरच्या उजव्या दंडाला पट्टा बांधला, की दंड हृदयाच्या वर जातो आणि यंत्र कमी आकडा दाखवतं. बीपी तेवढंच असतं. झोपा खुशाल डाव्या कुशीवर, बाळाला बरं. मोजताना पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, बाही वर करून मोजायचं. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्टा खोटं जास्त दाखवतो.

लघवीच्या तपासणीला दोन मिनिटं लागतात. मधल्या धारेची लघवी घ्यायची, कारण अंगावरून जाणारं पांढरं त्यात मिसळलं तर प्रथिनं खोटी दिसतात. त्यात पट्टी बुडवली की प्रथिनं असतील तसा तिच्यावरचा पिवळा चौकोन हिरवा होत जातो. पट्टी नसायची तेव्हा आम्ही काचनळीचा वरचा भाग दिव्यावर तापवायचो. पांढरं गढूळ आलं की ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. विरलं तर क्षार, राहिलं तर प्रथिनं. हिची पट्टी दोन प्लस निघाली.

सिझरचं म्हणाल, तर गोळ्या म्हणजे सिझरची तयारी नव्हे. लॅबेटेलॉल बीपी आवरतं, म्हणजे आईच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका घटतो आणि बाळाला पोटात आणखी दिवस मिळतात. आजार ते बरा करत नाही, म्हणून मोजणी थांबत नाही. हिला दर तीन-चार दिवसांनी बीपी आणि रक्त, शिवाय बाळाची वाढ नि पाणी बघायला सोनोग्राफी. बाळ लहान भरत होतं. उपाशी वारेचं बाळ असंच असतं. छत्तिसाव्या आठवड्यात ती पहाटे डोकं धरून आली. 164/112, प्लेटलेट 92 हजार. आता वाट पाहणं म्हणजे झटके, वार आधीच सुटणं, बाळ पोटातच दगावणं. मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं. ते बीपीचं औषध नाही, झटके रोखतं. ते चालू असताना दर तासाला गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, श्वास मोजायचे, लघवी मोजायची. पाय उडेनासा झाला की औषध जास्त झालं, मग ते थांबवायचं. कळा आणल्या आणि संध्याकाळी ती खालूनच बाळंत झाली. बाळ 1 किलो 900 ग्रॅम.

आपल्याच बेळगाव नि बागलकोट जिल्ह्यांत आशाताई आणि एएनएम यांनी घरोघरी बीपी मोजण्याचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. एकूण गुंतागुंत त्यानं घटली नाही. मला याचं नवल वाटलं नाही. 150 आकडा घरी कळला आणि गाडी दुसऱ्या दिवशी निघाली, तर मोजलेलं कशाला?

वार निघाली की आजार उतरणीला लागतो, पण त्याच दिवशी जात नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढू शकतं, आणि नेमकी तेव्हा बाई शेक-शेगडीच्या खोलीत असते. हिला तिसऱ्या दिवशी घरी न्यायची घाई चालली होती. पिशव्या भरलेल्या, रिक्षा दारात. मी जाता जाता पट्टा बांधला, 158/104. पिशव्या पुन्हा खाटेखाली गेल्या. सहाव्या दिवशी गोळ्यांवर 134/86 आल्यावर सोडली. सहा आठवड्यांनी बीपी आणि लघवी दोन्ही ठीक होती. कार्डाच्या मागे मी मराठीत लिहून दिलं: पुढच्या खेपेला तिसरा महिना संपायच्या आत दाखवणे, अ‍ॅस्पिरिनबद्दल डॉक्टरांना विचारणे.